पाणी कुणी सोडलं? : कथेच्या संदिग्ध शेवटाविषयी

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी बरीच वर्षं वाचतो आहे. जून-जुलैत टपाल आणि ई-मेल मिळून कथांचा ढीग साचतो, आणि त्यातल्या निम्म्या तरी अशा असतात की शेवटच्या परिच्छेदात कुणीतरी खिडकीशी उभं असतं. बाहेर पाऊस असतो, किंवा दूर जाणाऱ्या गाडीचा लाल दिवा, किंवा अंगणात हलणारी रिकामी खुर्ची. कथा तिथे थांबते. सोबतच्या पत्रात लेखकाने लिहिलेलं असतं, ‘शेवट मुद्दाम वाचकावर सोडला आहे.’ अशा बऱ्याच कथा मी साभार परत केल्या. ते करताना प्रत्येक वेळी मनाला टोचणी लागली, कारण मला स्वतःला असे शेवट मनापासून आवडतात. कथा मिटल्यावर डोळ्यांसमोर एकच चित्र उरावं आणि ते दोन बाजूंनी उजळत राहावं, यासारखा आनंद कथेत दुसरा नाही असं मी मानतो. मग त्या खिडकीपाशी मला फसल्यासारखं का वाटत होतं? ज्या शेवटाला आपण ‘सूचक’ म्हणतो आणि ज्याला वाचक ‘अर्धवट’ म्हणतो, त्या दोहोंत नेमका फरक कुठे पडतो, एवढाच या प्रस्तावनेचा विषय आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला एक पूर्वपीठिका आहे. ना. सी. फडक्यांच्या काळात कथा शेवटाकडे धाव घेत असे. शेवटी कलाटणी, आणि कलाटणीत सगळ्या गाठींची उकल. १९४५नंतर गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने ती कलाटणी सोडली आणि कथा एखाद्या क्षणावर, एखाद्या हालचालीवर थांबू लागली. तेव्हा दुर्बोधतेचा आरोप खूप झाला. आज तो वाद शिळा झाला आहे, पण त्यातून एक चुकीचा समज आपल्या हाडीमाशी मुरला : उकल करणारा शेवट जुनाट, आणि न करणारा शेवट आपोआप कलात्मक. नवकथाकारांनी उकल सोडली ती कथेत दुसरं काही ठाम उभं केल्यानंतर. आपण पुष्कळदा फक्त सोडणं तेवढं उचललं.

वाचक चिडतो केव्हा, हे आधी नीट पाहायला हवं. ‘मग पुढे काय झालं हो?’ असं विचारणारा वाचक चिडलेला नसतो. तो अजून कथेत आहे, बाहेर यायला तयार नाही, आणि लेखकाला याहून मोठी दाद मिळत नाही. चिडलेला वाचक म्हणतो, ‘तुम्ही सांगितलं नाहीत.’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. माझं निरीक्षण असं की न कळण्याचा वाचकाला राग येत नाही. आयुष्यात त्याला रोजच कितीतरी गोष्टी कळत नाहीत आणि तो त्यांच्यासह जगतो. राग येतो तो कुणाला तरी ठाऊक असताना त्याने तोंड मिटून घेतलं की. कथा ज्या माणसाच्या डोळ्यांतून आपण पाहतो आहोत, त्याला जे ठाऊक आहे ते शेवटच्या अर्ध्या पानात एकाएकी आपल्यापासून लपवलं, तर ती फसवणूकच आहे. त्यालाही ठाऊक नसेल, तर आपण त्याच्या शेजारी उभे राहतो.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे फ्रँक स्टॉकटन या अमेरिकन लेखकाची १८८२ सालची ‘द लेडी ऑर द टायगर?’ ही कथा. राजाच्या आखाड्यात दोन दारं आहेत. एकामागे वाघ, दुसऱ्यामागे सुंदर तरुणी, आणि आरोपीने त्यातलं एक उघडायचं. आरोपी राजकन्येचा प्रियकर आहे. कोणत्या दारामागे काय हे राजकन्येने काढून घेतलं आहे आणि ती उजवीकडे खूण करते. तो उजवं दार उघडायला जातो, आणि लेखक वाचकालाच विचारतो की आता बाहेर काय येईल. स्टॉकटनला पत्रांचा पाऊस सोसावा लागला. तीन वर्षांनी त्याने आणखी एक कथा लिहिली, आणि तीही अशीच अडकवून ठेवली. ही कथा मला आवडते, पण ती उखाणा म्हणून. राजकन्येला ठाऊक आहे, आपल्याला नाही, आणि लेखक ते उघडपणे मान्य करतो. म्हणून ती निभावते. तोच डाव गंभीर कथेत, न सांगता केला की वाचक पुस्तक मिटतो आणि त्या लेखकाकडे पुन्हा फिरकत नाही.

आता माझ्याच एका कथेचं बोलतो, कारण तिचे चारही खर्डे माझ्याकडे आहेत आणि कुठे काय बिघडलं ते मला ओळ न् ओळ ठाऊक आहे.

कथा खटाव तालुक्यातली. शंकर आणि बबन हे सख्खे भाऊ. वाटणी झाली, पण विहीर एकच राहिली. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची. बांधावरून भांडण होऊन वर्षभर दोघांत बोलणं नाही. शंकरचा गहू फुलोऱ्यात आला आहे, आणि नेमक्या त्याच्या पाळीत डीपी जळतो. चार दिवस वीज नाही. डीपी दुरुस्त होतो तेव्हा पाळी बबनची सुरू झालेली असते. फुलोऱ्यातल्या गव्हाला पाण्याची ओढ बसली की ओंबीत दाणे कमी धरतात. पुढचे चार दिवस थांबणं शंकरला परवडणारं नाही. संध्याकाळी तो भावाच्या घरी जातो. रात्री बाराला थ्री फेज वीज येते, मोटर सुरू होते, आणि पहाटेपूर्वी शंकरच्या गव्हात पाणी शिरलेलं दिसतं. पाणी बबनने सोडलं की पाट आपोआप फुटला? माझ्या मनात शेवटचं चित्र पहिल्यापासून हेच होतं : अंधारात, गव्हाच्या ताटांखाली, चमकत सरकणारं पाणी.

पहिला खर्डा मी बबनच्या बाजूने लिहिला. तो चांगला वाटत होता, कारण बबनच्या मनात चाललेली ओढाताण लिहायला मजा येत होती : भावाचा राग, आईने मरताना घातलेली गळ, शंकर आल्यावर चहा कुणी आणायचा यावरून बायकोशी झालेली कुजबुज. शेवटी बबन रात्री दारं धरायला जातो, खोरं उचलतो, पाटाच्या दिशेने चालू लागतो, आणि पुढचं वाक्य थेट शंकरच्या शेतात सरकणाऱ्या पाण्याचं. मध्ये अर्धा तास गायब. हस्तलिखित वाचून माझा एक मित्र म्हणाला, ‘बारा पानं मी या माणसाच्या डोक्यात बसलो होतो. शेवटी तू मला मानेला धरून बाहेर काढलंस.’ त्याचं बरोबर होतं. बबनला ठाऊक होतं की त्याने खोरं मारलं की नाही. मला ठाऊक होतं की बबनला ठाऊक आहे. आम्ही दोघांनी मिळून वाचकाला बाहेर ठेवलं होतं.

यावर उपाय एकच होता, आणि तो महाग होता : सगळी कथा शंकरच्या बाजूने पुन्हा लिहायची. बबनच्या मनातलं जे मला प्रिय होतं ते सगळं गेलं. त्याच्या घरातली कुजबुज आता शंकरला ओट्यावर बसून फक्त भांड्यांच्या आवाजातून ऐकू येते. पण प्रश्न आता खरा झाला. शंकर त्या रात्री आपल्या खोपटात आहे. पाटावर काय घडलं ते त्याला दिसलेलं नाही. कथेचा शेवट संदिग्ध ठेवायचा असेल तर ‘शेवटी काय लिहू’ याआधी ‘कुणाच्या डोळ्यांनी पाहू’ हे ठरवावं लागतं. शेवटात दिसणारा दोष बहुतेक वेळा पहिल्या पानावर झालेला असतो.

दुसरा खर्डा मी पाच जणांना दिला आणि प्रत्येकाला एकच विचारलं : ‘कथा संपल्यावर तुम्हाला काय कळलं नाही, ते एका वाक्यात सांगा.’ एक म्हणाला, शंकरने पाणी मागितलं होतं की नाही? दुसरी म्हणाली, गहू वाचला का? तिसऱ्याला बबन घरी होता की नव्हता हेच समजलं नव्हतं. चौथ्याने विचारलं, शंकर पाणी बंद करणार का? फक्त पाचव्याने माझा प्रश्न सांगितला. पाच वाचकांची पाच वाक्यं आली की समजावं, शेवट संदिग्ध नाही, धूसर आहे. संदिग्ध शेवटात न कळलेली गोष्ट एकच असते, सगळ्यांना तीच दिसते, आणि तिची उत्तरंही मोजकी, बहुधा दोनच असतात. धूसर शेवटात धुकं सगळीकडे पसरलेलं असतं. ही चाचणी मी तेव्हापासून कधी सोडली नाही, आणि दुसऱ्यांच्या कथांनाही हीच लावतो. लेखकाला स्वतःची संदिग्धता एका वाक्यात सांगता आली नाही, तर ती त्याच्याही मनात तयार झालेली नसते.

धुकं आलं कुठून ते मग शोधलं. चहाचा प्रसंग मी मध्येच तोडला होता. शंकर ओट्यावर बसला आहे, कपबशी हातात आहे, तो घसा खाकरतो, आणि प्रसंग संपतो. मला वाटलं होतं, हेही सूचक. पण कथा ज्या प्रश्नावर बारा पानं चालली होती तो प्रश्न हाच होता : हा मानी माणूस भावापुढे वाकेल का? त्याचं उत्तर देणं मी वाचकाला लागत होतो, आणि ते मी बुडवलं होतं. तिसऱ्या खर्ड्यात शंकर चहा पितो, पावसापाण्याचं बोलतो, पुतणीच्या शाळेची चौकशी करतो, कपबशी खाली ठेवतो आणि उठून घरी येतो. पाणी मागत नाही. वाटेत त्याला स्वतःचा रागही येतो. मुख्य प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं : नाही, तो वाकला नाही. ते मिळाल्यामुळेच पुढे येणारं पाणी नवा प्रश्न घेऊन येऊ शकलं : न मागता भावाने ओळखलं का?

मला वाटतं, सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. कथेने जो प्रश्न उभा केला तो कथेने फेडायचा असतो. मोकळा ठेवायचा तो त्याच्या पोटातून निघालेला दुसरा प्रश्न, जो पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत वाचकाला दिसतच नव्हता. पहिलाच प्रश्न मोकळा सोडला की ती उधारी होते.

तिसरा खर्डा मी माझ्या थोरल्या मावसभावाला वाचायला दिला. तो शेतकरी आहे, कथा फारशा वाचत नाही. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि पहिलंच विचारलं, ‘शंकरचं रान बबनच्या रानाच्या वर हाय का खाली?’ मी विचारच केला नव्हता. तो म्हणाला, ‘वर असलं तर पाट फुटून पाणी त्याच्याकडं जाईलच कसं? मग बबननंच दिलं, त्यात कळायचं काय राहिलं?’ एका वाक्यात त्याने माझी संदिग्धता खोटी ठरवली. दोन अर्थ उभे करायचे तर दोन्ही अर्थ त्या जगात घडण्याजोगे हवेत. उतार हवा, पाट शंकरच्या बांधाला खेटून जायला हवा, आणि पाट आपोआप फुटतो हे वाचकाने आधी पाहिलेलं हवं.

म्हणून मी मागे जाऊन दोन जागी उंदरांची बिळं पेरली. एकदा दुसऱ्या पानावर, शंकर आपल्या पाळीत पाटावरून चालताना टाचेने भोक बुजवतो आणि उंदरांना शिवी हासडतो. एकदा सातव्या पानावर, त्याची बायको सांगते की मागल्या साली असाच पाट फुटून निम्मं पाणी ओढ्याला गेलं. दोन्ही ठिकाणी ही वाक्यं दुसऱ्याच कामासाठी आली आहेत. पहिल्यात शंकरची काटेकोर वृत्ती दिसते, दुसऱ्यात बायकोची कुरकुर. वाचक तिथे थांबत नाही आणि थांबूही नये. पण शेवटी पाणी दिसतं तेव्हा उंदीर त्याच्या स्मरणात जागा होतो. तसंच बबनच्या बाजूनेही दोन खुणा आहेत : शंकर निघताना तो त्याला ‘गहू कसा हाय?’ एवढंच विचारतो, आणि पुतणी काकाच्या पायांवरच्या वाळलेल्या चिखलाकडे बघत राहते. दोन्ही पारड्यांत सारखं वजन पडलं पाहिजे. शेवटच्या चित्रात जी वस्तू येते ती आधी एक-दोनदा साध्या कामाची वस्तू म्हणून येऊन गेलेली असावी. ऐन वेळी आणलेलं चित्र कितीही देखणं असलं तरी ते भाड्याने आणल्यासारखं दिसतं. त्या खिडक्या आणि पाऊस मला का खटकत होते ते मला इथे कळलं. त्या कथांत त्याआधी कुणी खिडकी उघडलीच नव्हती.

मावसभावाचा दुसरा आक्षेप पहिल्याहून कठीण होता. ‘बॅटरी हाय न्हवं त्याच्या हातात? मग जाऊन बघंना का त्यो? खोऱ्यानं फोडलेलं अन् उंदरानं फोडलेलं काय लपून राहतंय व्हय?’ शंकर बांधावर उभा राहून पाण्याकडे पाहत राहतो, एवढंच मी लिहिलं होतं. शेतकरी माणूस तसा उभा राहणार नाही, तो आधी जाऊन बघेल. त्याला उभं मी केलं होतं, माझ्या शेवटासाठी. पात्राला सहज कळू शकणारी गोष्ट लेखकाने कळू दिली नाही, हीसुद्धा फसवणूकच. फक्त जरा सभ्य कपड्यातली.

चौथ्या खर्ड्यात शंकर जातो. बॅटरी घेऊन पाटापर्यंत चालत जातो आणि भगदाड शोधतो. ते हातभर रुंद झालं आहे. पाण्याने कडा खाल्ल्या आहेत, मातीची ढेकळं ओघळून गेली आहेत, खोऱ्याचा काप होता की उंदराचं भोक होतं ते सांगणारी माती वाहून गव्हात गेली आहे. तो वाकून कडेवरून बोट फिरवतो. काही कळत नाही. हे न कळणं आता ना शंकरने लपवलेलं, ना मी. ते पाण्याने केलं, आणि पाणी असंच करतं, हे कुठलाही दारं धरणारा माणूस सांगेल. मी मावसभावाला विचारून खात्री करून घेतली : तास-दीड तास पाणी वाहिलं तर मऊ मातीत मूळची खूण राहत नाही. म्हणून मोटर बाराला सुरू झाली आणि शंकर दोनला उठला, ही वेळही कथेत घालावी लागली.

एक काम तरीही उरलं होतं. पाळी बबनची; रिवाजाप्रमाणे पाट फुटला तर ज्याला दिसेल त्याने बुजवायचा. शंकरच्या हातात खोरं आहे. तो काय करतो? पाचांतल्या चौथ्या वाचकाचा हाच प्रश्न होता आणि तो रास्त होता. हेही मोकळं सोडलं तर प्रश्न दोन झाले असते. म्हणून शंकर खोरं बांधात रोवतो आणि पाटाच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसतो. कथा तिथे संपते. त्याने पाणी घेतलं, एवढं ठाम झालं. भावाकडून घेतलं की चोरून घेतलं, हे त्याला ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. आता ते चित्र दोन्हीकडून बघता येतं. बबनने सोडलं असेल तर तो माणूस भावाच्या मायेत पाय सोडून बसला आहे. पाट फुटला असेल तर काटेकोर शंकरने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं पाणी मुकाट्याने आपल्या रानात जाऊ दिलं आहे. दोन्ही वाचनांत त्याच्यात काहीतरी बदललं. एका वाचनात कथा श्रीमंत आणि दुसऱ्यात दरिद्री होत असेल, तर वाचक दरिद्री वाचन टाकून देतो आणि संदिग्धता तिथेच संपते.

भाषेबद्दल थोडंच सांगतो. दुसऱ्या खर्ड्याचं शेवटचं वाक्य होतं : ‘जणू वर्षभर अडून राहिलेलं काहीतरी आता वाहू लागलं होतं.’ लिहिताना मी त्यावर खूश होतो. पण ते वाक्य वाचकाच्या हातातला घास काढून घेतं. शिवाय ‘काहीतरी’ म्हटल्यावर पाणी दिसेनासंच होतं. शेवटचा अर्थ मोकळा ठेवायचा तर शेवटची वाक्यं अतिशय पक्की हवीत : खोरं, बांध, पाय, पाणी, आणि पुरी झालेली क्रिया. ‘जणू’, ‘कदाचित’, ‘कुणास ठाऊक’, तीन टिंबं आणि प्रश्नचिन्ह यांनी संदिग्धता वाढत नाही, चित्र पुसट होतं. कथेचा शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचावा, ही जुनी युक्ती मी अजून वापरतो. झाकल्यावर कथा आधीच थांबलेली वाटली, तर तो परिच्छेद लेखकाने स्वतःच्या समाधानासाठी लिहिलेला असतो.

परक्या कथांमधलं एक उदाहरण इथे दिल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यात एकाच कथेचे दोन शेवट छापील स्वरूपात समोरासमोर पाहायला मिळतात. रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराची ‘द बाथ’ ही कथा १९८१च्या संग्रहात आली. आई मुलाच्या वाढदिवसासाठी केक सांगते. केकवर अंतराळयान असणार आहे आणि मुलाचं नाव, स्कॉटी. वाढदिवशीच मुलाला गाडी धडकते. तो रुग्णालयात बेशुद्ध पडून राहतो, केक तसाच राहतो, आणि चिडलेला बेकरीवाला घरी फोन करू लागतो. अंघोळीपुरता घरी आलेल्या बापाला त्या फोनचा अर्थ लागत नाही. शेवटी आई अंघोळीसाठी घरी येते, फोन वाजतो, ती घाबरून विचारते की स्कॉटीबद्दल आहे का, आणि पलीकडचा आवाज हो म्हणतो. कथा संपली. रुग्णालय की बेकरी?

माझ्या कसोट्या लावल्या तर हा शेवट बराच प्रामाणिक आहे. फोन आधी वाजून गेला आहे. केकवर मुलाचं नाव आहे, म्हणून ‘स्कॉटीबद्दल’ हे उत्तर दोन्ही बाजूंनी खरं ठरतं. आईला ठाऊक नाही आणि तिला ते कळायला वावही नाही. भीतीने अंगावर काटा येतो. तरीही ही कथा वाचून मला दर वेळी काहीतरी बुडाल्यासारखं वाटत आलं आहे, आणि त्याचं कारण चहाच्या प्रसंगातलंच आहे. मूल जगेल का, या प्रश्नावर कथा उभी आहे आणि नेमका तोच प्रश्न ती सोडून जाते. जिवाचा प्रश्न हा फार जड प्रश्न असतो. एकदा वाचकाच्या पुढ्यात ठेवला की तो दुसऱ्या कशाकडे बघूच शकत नाही.

ही कथा इतकी आखडली ती कार्व्हरच्या इच्छेने नव्हे. संपादक गॉर्डन लिश यांनी त्या संग्रहातल्या कथा फार कापल्या होत्या, आणि १९८०च्या जुलैमध्ये कार्व्हरने त्यांना पत्र लिहून छपाई थांबवण्याची विनवणी केली होती. संग्रह तरीही निघाला. १९८३ साली ‘कॅथेड्रल’ या संग्रहात तीच कथा ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने पूर्ण रूपात आली. तिच्यात मूल मरतं. आईला फोनमागचा माणूस कोण ते उमगतं, आणि नवराबायको मध्यरात्री बेकरीवर चाल करून जातात. बेकरीवाला ऐकून घेतो, माफी मागतो, त्यांना बसवतो, आणि भट्टीतून काढलेले गरम रोल त्यांच्यापुढे ठेवतो. ते खात राहतात, तो आपल्या एकाकी आयुष्याचं बोलत राहतो, बाहेर उजाडू लागतं, आणि त्यांना उठावंसं वाटत नाही.

घडलेली गोष्ट इथे पुरती मिटली आहे : मूल गेलं, फोन कुणाचा ते कळलं. मग मोकळं काय राहिलं? ही माणसं एकमेकांची कोण लागतात आता? ज्याने छळलं त्याच्या हातची भाकरी खाणं ही क्षमा आहे की केवळ दोन दिवसांची भूक? उजाडल्यावर ते कुठे जातील? यातलं एकही विचारलेलं नाही, आणि तरी पावाच्या वासाबरोबर ते सगळं तिथे आहे. ‘द बाथ’चा शेवट अधिक चलाख आहे असं मानणारे जाणकार वाचक मला भेटले आहेत आणि त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. पण मला विचाराल तर मी बेकरीच्या टेबलाशी बसेन.

याला मर्यादा आहेत त्या सांगून टाकतो. खून कुणी केला हे शोधायचं वचन देणारी कथा कितीही नाजूक चित्रावर संपवली तरी वाचक खुनी मागणारच, आणि तो त्याचा हक्क आहे. पहिल्या दोन पानांत कथा वाचकाला कसलं वचन देते ते पाहून मगच शेवट मोकळा ठेवायचा विचार करावा. फार छोट्या, दोन-तीन पानी कथेतही हे अवघड जातं, कारण दोन्ही पारड्यांत वजन टाकायला जागाच मिळत नाही. आणि काही कथांना साधा, मिटलेला शेवटच शोभतो. शंकर-बबनची माझी ‘पाळी’ ही कथासुद्धा मी एकदा पूर्ण उकल करून लिहून पाहिली होती : सकाळी बबन येतो आणि सांगतो. ती वाईट नव्हती. फक्त त्यात बबन बोलला आणि शंकर गप्प झाला, एवढंच उरलं.

कथा छापून आल्यावर मावसभावाचा फोन आला. त्याने पुन्हा वाचली होती. बॅटरी, उतार, मातीच्या कडा, सगळं त्याने तपासलं आणि पास केलं. मी विचारलं, ‘दादा, तुला काय वाटतं, कुणी सोडलं पाणी?’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘ते जाऊ दे. अजून वीस दिसांनी दाणा चिकात यील, तवा गव्हाला आणि एक पाणी लागंल. ते शंकर कुणाच्या पाळीत घेनार?’